नोटिशीच्या वर एक मराठी पान लावा : नाशिकच्या कंपनी सेक्रेटरींना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या सूचिबद्ध कंपन्यांचे कंपनी सेक्रेटरी यांस,

स. न. वि. वि.

ऑगस्ट संपत आला की तुमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिसा निघू लागतात. ज्यांची ईमेल नोंदलेली आहे त्यांना ती पीडीएफ मिळते आणि ज्यांची नाही त्यांना वार्षिक अहवाल कुठे वाचायला मिळेल ती लिंक छापलेलं पत्र. मी सातपूरच्या एका कारखान्यात लेखा विभागात नोकरी केली, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही सिडकोतले, इंदिरानगरचे जुने सहकारी ही पीडीएफ मला पाठवतात आणि खाली एकच ओळ लिहितात, "यात आपल्याला काय करायचंय ते सांगा." मग मी त्यांना एका पानाचा गोषवारा करून देतो. विषय कोणते, मत कधीपर्यंत द्यायचं, ठराव नेमका काय आहे. हे पान माझ्यासारख्यानं करून देण्याऐवजी तुम्हीच, नोटिशीबरोबर, मराठीत द्यावं, एवढीच या पत्राची मागणी आहे. ते पान कसं असावं आणि ते करताना कुठे पाय घसरतो, हे मात्र जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडच्या माणसाला सभा काही नवी नाही. पतसंस्थेची, गृहनिर्माण सोसायटीची सभा त्यानं पाहिलेली असते. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, अहवाल, ताळेबंद, नफा वाटणी, आयत्या वेळचे विषय, आणि शेवटी चहा. नोटीस एका पानाची, मराठीत, आणि मत म्हणजे हात वर. या सवयीनं तो कंपनीची नोटीस वाचायला जातो आणि तिथेच गोंधळतो. कंपनीत माणशी एक मत नसतं, शेअरमागे एक मत असतं. मत सभेत हात वर करून नव्हे, सभेच्या आधीच संगणकावर द्यायचं असतं. आयत्या वेळचे विषय तर नसतातच. जे नोटिशीत नाही ते सभेत मंजूर करता येत नाही, म्हणूनच नोटीस एवढी महत्त्वाची आणि एवढी लांब.

आता एक नमुना घेऊ. कंपनी काल्पनिक आहे, आकडे सोपे जावेत म्हणून मी ठरवलेले आहेत, पण नियम सगळे खरे आहेत. समजा, कंपनीचे एकूण शेअर २ कोटी. त्यातले १ कोटी १६ लाख, म्हणजे ५८ टक्के, प्रवर्तक कुटुंबाकडे. उरलेले ८४ लाख इतरांकडे. उलाढाल ३०० कोटी. सभा गुरुवारी, २५ सप्टेंबरला, व्हिडिओ कॉन्फरन्सनं. आणि आपल्या भागधारकाकडे शेअर आहेत २००.

मी नोटीस पहिल्या पानापासून वाचत नाही. पहिल्या पानावर ठराव असतात, पण तारखा असतात मागे, 'टिपा' या मथळ्याखालच्या बारीक अक्षरांत, आणि त्याही एका जागी नाहीत. कुठे आठव्या टिपेत लाभांशाची तारीख, पंधराव्यात कर कपातीच्या अर्जाची, बाविसाव्यात मतदानाची. म्हणून आधी टिपांमधून फक्त तारखा वेचून घ्यायच्या. नमुन्यातल्या तारखा अशा आहेत. नोटीस २९ ऑगस्टला पाठवली. लाभांशासाठी रेकॉर्ड डेट १२ सप्टेंबर, आणि कर कपातीसंबंधीचा अर्ज देण्याची शेवटची तारीखही तीच. मतदानाची कट-ऑफ तारीख १८ सप्टेंबर. रिमोट ई-व्होटिंग सोमवार २२ सप्टेंबर सकाळी ९ वाजता सुरू, बुधवार २४ सप्टेंबर संध्याकाळी ५ वाजता बंद.

यातली नोटीस पाठवण्याची तारीख आपल्या माणसाच्या कामाची नाही, तुमच्या कामाची आहे. सभेच्या आधी पूर्ण २१ दिवस मिळाले पाहिजेत, आणि त्यात पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरत नाहीत. २५ तारखेच्या सभेसाठी ईमेलची नोटीस फार तर ३ सप्टेंबरला निघायला हवी. ती वेळेत निघाली असेल तर गोषवाऱ्यात तिला जागा देऊ नये. पानावर जागा थोडी असते.

गोंधळ होतो तो रेकॉर्ड डेट आणि कट-ऑफ तारखेचा. पुष्कळ जणांना दोन्ही एकच वाटतात. रेकॉर्ड डेट ठरवते की लाभांश कोणाला मिळणार. कट-ऑफ तारीख ठरवते की मत कोणाला देता येणार, आणि कंपनी कायद्याखालच्या नियमानुसार ती सभेच्या सात दिवसांहून आधीची असू शकत नाही. म्हणून दोघींमध्ये अंतर पडतं, आणि त्या अंतरात शेअर विकणारा-घेणारा माणूस चमत्कारिक जागी उभा राहतो. १५ सप्टेंबरला शेअर विकलेल्याला लाभांश मिळेल पण मत नाही. त्याच दिवशी ते घेणाऱ्याच्या खात्यात दुसऱ्या दिवशी शेअर जमा होतात, त्याला मत आहे पण यंदाचा लाभांश नाही. शिवाय नोटीस २९ ऑगस्टला गेली तेव्हा तो भागधारकच नव्हता, म्हणून त्याला ईमेल आलेली नसते आणि आपल्याला मत आहे हेच त्याला माहीत नसतं. उलट १८ तारखेच्या शेवटी ज्याच्या नावावर शेअर होते त्यानं १९ ला ते विकले तरी मत त्याचंच राहतं. आणि १८ लाच बाजारात घेतलेले शेअर १८ ला खात्यात नसतात, ते १९ ला येतात, म्हणून त्यांवर मत नाही. गोषवाऱ्यात हे एका वाक्यात बसतं : '१८ सप्टेंबरला दिवसअखेर तुमच्या डीमॅट खात्यात किंवा फोलिओत जितके शेअर असतील तितकी तुमची मतं.'

दुसरी खोट मुदतीची. मतदान सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद होतं. ही वेळही कंपनीच्या मर्जीची नाही, नियमातच आहे. तरी 'सभा २५ ला, म्हणजे २५ ला सकाळी मत देऊ' असा हिशेब मी नेहमी ऐकतो. २५ ला सभेत मत देता येतं, पण फक्त त्यालाच जो व्हिडिओवर सभेला हजर आहे आणि ज्यानं आधी मत दिलेलं नाही. आधी दिलं असेल तर सभेला बसता येतं, मत बदलता येत नाही, पुन्हा देताही येत नाही. म्हणून माझ्या पानावर सगळ्यात वर, ठळक, एकच तारीख असते : बुधवार, २४ सप्टेंबर, संध्याकाळी ५. सभेची तारीख त्याच्या खाली, साध्या अक्षरात. तुमच्या नोटिशीत नेमकं उलटं असतं.

इथे एक गोष्ट तुम्हाला आठवून द्यावीशी वाटते. ई-व्होटिंगची जाहिरात वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि नोंदणीकृत कार्यालय ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या प्रमुख भाषेतल्या वर्तमानपत्रातही ती द्यावीच लागते. म्हणजे आपल्या जिल्ह्यात मराठीत. तुम्ही ती देताही. दर सप्टेंबरला नाशिकच्या आवृत्त्यांमध्ये तुमच्या चौकटी दिसतात. त्यात मतदान कधी सुरू, कधी बंद, कट-ऑफ कोणती, हे सगळं मराठीत छापलेलं असतं. मत कशावर द्यायचं, ते मात्र त्या चौकटीत नसतं. ते इंग्रजी नोटिशीत. अर्धं काम तर तुम्ही आत्ताही मराठीत करताच आहात.

तारखा झाल्या की ठराव. नमुन्यातल्या नोटिशीत सात आहेत. पहिले तीन 'साधारण कामकाज' : हिशेब स्वीकारणे, शेअरमागे अडीच रुपये लाभांश, आणि पाळीपाळीनं निवृत्त होणाऱ्या एका संचालकाची फेरनियुक्ती. बाकीचे चार 'विशेष कामकाज' : सेक्रेटरिअल लेखापरीक्षकाची पाच वर्षांसाठी नेमणूक, परिव्यय लेखापरीक्षकाच्या मानधनाला मान्यता, व्यवस्थापकीय संचालकांची फेरनियुक्ती आणि वेतन, आणि प्रवर्तक कुटुंबाच्याच दुसऱ्या एका कंपनीकडून माल घेण्याचा व्यवहार.

पहिल्या पाचांवर मी एकेक ओळ खर्च करतो. लाभांशाच्या ओळीत 'तुमच्या २०० शेअरवर ५०० रुपये' इतकं लिहिलं की पुरे. फक्त सांगावं लागतं की भागधारक तो नाकारू शकतात, वाढवू शकत नाहीत. मंडळानं शिफारस केल्याहून जास्त लाभांश सभा जाहीर करू शकत नाही. परिव्यय लेखापरीक्षकाचं मानधन दर वर्षी येतं, कायदाच तसा आहे. त्यात शोधण्यासारखं फारसं नसतं.

मग उरतात दोन. या दोन ठरावांसाठीच तर गोषवारा करायचा असतो, आणि इथेच तो बिघडतो.

बिघडायचं कारण असं. नोटिशीत प्रत्येक ठरावावर लिहिलेलं असतं, 'साधारण ठराव म्हणून' किंवा 'विशेष ठराव म्हणून'. विशेष कामकाजातला ठराव विशेष ठराव असतोच असं नाही. कामकाज साधारण की विशेष हे विषयावरून ठरतं, आणि ठराव साधारण की विशेष हे किती मतं लागतील त्यावरून. साधारण ठरावाला विरोधापेक्षा बाजूची मतं जास्त पडली की झालं. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधाच्या निदान तिप्पट लागतात. मोजतात ती पडलेली मतं. जे घरी बसले ते कुठल्याच बाजूला धरले जात नाहीत.

एवढं कळल्यावर गोषवारा करणारा, तुमच्या कचेरीतला असो की माझ्यासारखा, सहज असं करतो की विशेष ठराव वर घ्यायचे, ठळक करायचे, साधारण ठराव 'नेहमीचे' म्हणून खाली ढकलायचे. नमुन्यात व्यवस्थापकीय संचालकांच्या वेतनाचा ठराव विशेष आहे आणि प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपनीबरोबरच्या व्यवहाराचा ठराव साधारण. तर वेतन वर जाईल आणि व्यवहार सेक्रेटरिअल लेखापरीक्षकाच्या शेजारी जाऊन बसेल. छोट्या भागधारकाच्या दृष्टीनं हे साफ उलटं झालं. कसं, ते आकड्यांत बघू.

वेतनाच्या विशेष ठरावावर प्रवर्तक मत देऊ शकतात. त्यांची १ कोटी १६ लाख मतं बाजूनं पडली तर ठराव पाडायला त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त, म्हणजे ३८ लाख ६७ हजारांच्या आसपास मतं विरोधात हवीत. इतरांकडे आहेत एकूण ८४ लाख. जवळजवळ निम्म्यांनी मतदान करायचं आणि सगळ्यांनी विरोधात करायचं, तेव्हा कुठे ते जमेल. आता व्यवहाराचा ठराव घ्या. सेबीच्या सूचिबद्धतेच्या नियमांनुसार असा मोठा व्यवहार संबंधित पक्षाशी असेल तर त्या ठरावाच्या बाजूनं कोणत्याही संबंधित पक्षाला मत देता येत नाही, मग तो त्या विशिष्ट व्यवहारात असो वा नसो. म्हणजे प्रवर्तकांची १ कोटी १६ लाख मतं बाजूच्या रकान्यातून गेली. उरले ८४ लाख. त्यातल्या समजा १२ लाखांनीच मत दिलं, तर ६ लाखांहून एक मत जास्त ज्या बाजूला, तिचं झालं.

आपल्या माणसाच्या २०० शेअरांचं वजन दोन्हीकडे काढून पाहा. वेतनाच्या ठरावात इतरांची तीच १२ लाख मतं आणि प्रवर्तकांची १ कोटी १६ लाख धरून १ कोटी २८ लाख मतं पडली, त्यात २०० म्हणजे चौसष्ट हजारांत एक. व्यवहाराच्या ठरावात १२ लाखांत २००, म्हणजे सहा हजारांत एक. दहापट वजन, आणि तेही ज्या ठरावावर 'साधारण' असा शिक्का आहे त्यात. म्हणून माझ्या पानावर प्रत्येक ठरावापुढे ठरावाचा प्रकार लिहिल्यावर आणखी एक रकाना असतो : 'प्रवर्तक बाजूनं मत देऊ शकतात का?' बहुतेक ठिकाणी 'हो'. एका ठिकाणी 'नाही'. तो 'नाही' जिथे आहे तो ठराव पहिला.

हा रकाना भरायला नोटीस पुरते, पण शोधावं लागतं. ठरावाच्या मजकुरात ही गोष्ट नसते. मागे स्पष्टीकरणात्मक निवेदन असतं, कंपनी कायद्याच्या कलम १०२ खालचं, त्यात प्रत्येक विशेष विषयाच्या शेवटी एक परिच्छेद असतो की या ठरावात कोणत्या संचालकाचा, प्रमुख अधिकाऱ्याचा किंवा त्यांच्या नातेवाइकांचा हितसंबंध आहे. तो परिच्छेद पाठ केल्यासारखा सगळीकडे सारखाच दिसतो, म्हणून डोळा त्यावरून घसरतो. पण बहुतेक ठिकाणी तिथे 'कोणाचाही नाही' असतं आणि एकदोन ठिकाणी नावं असतात. विषय दुसऱ्या कंपनीशी संबंधित असेल तर प्रवर्तकांचे, संचालकांचे तिथे दोन टक्के किंवा जास्त शेअर आहेत का आणि किती, हेही सांगावं लागतं. मी नोटीस वाचताना ठरावांच्या आधी हे परिच्छेद वाचतो.

आता त्या व्यवहाराचा ठराव स्वतः कसा उतरवायचा. नोटिशीतला मजकूर साधारण असा असतो की अमुक नियमांना अनुसरून, लेखापरीक्षण समितीच्या आणि मंडळाच्या शिफारशीवरून, अमुक कंपनीबरोबर पॅकिंगच्या मालाच्या खरेदीचे एक किंवा अनेक करार, एकत्रितपणे किंवा स्वतंत्रपणे, ४५ कोटी रुपयांपेक्षा जास्त नाही इतक्या रकमेपर्यंत, करण्यास मान्यता देण्यात येत आहे, आणि मंडळाला त्यासाठी आवश्यक ती सर्व कृत्ये करण्याचा अधिकार देण्यात येत आहे. एवढं एकच वाक्य अर्धं पान खातं. त्यातून काढायच्या गोष्टी चारच. कोणाबरोबर, कशासाठी, जास्तीत जास्त किती, आणि किती काळासाठी. मंडळाला अधिकार देणारी शेपटी जवळजवळ प्रत्येक ठरावाला असते, ती गोषवाऱ्यात घेऊ नये.

रक्कम लिहिताना 'पेक्षा जास्त नाही' हे शब्द मात्र सोडायचे नाहीत. ४५ कोटी ही मर्यादा आहे, होणारी खरेदी नाही. आणि नुसत्या ४५ कोटींनी २०० शेअरवाल्याला काही कळत नाही. ३०० कोटींच्या उलाढालीत ते १५ टक्के होतात, हे लिहिलं की कळतं. या आकाराच्या कंपनीला उलाढालीच्या १० टक्क्यांपुढचा असा व्यवहार भागधारकांकडे न्यावाच लागतो, म्हणून हा ठराव आला, हेही मग आपोआप समजतं. त्याच्या पुढे गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष आकडा हवा. तो वार्षिक अहवालात, हिशेबाला जोडलेल्या संबंधित पक्षांच्या टिपणीत सापडतो. समजा, तिथे २६ कोटी आहेत. तर माझी ओळ अशी होते :

'ठराव ७. प्रवर्तक कुटुंबाच्या कंपनीकडून पॅकिंगचा माल घेण्यास मान्यता. मर्यादा ४५ कोटी (उलाढालीच्या १५ टक्के). गेल्या वर्षी प्रत्यक्ष खरेदी २६ कोटी. मुदत पुढच्या वार्षिक सभेपर्यंत. साधारण ठराव. प्रवर्तक बाजूनं मत देऊ शकत नाहीत.'

यात 'विरोध करा' किंवा 'पाठिंबा द्या' असं मी लिहीत नाही, आणि तुम्हीही लिहू नये. २६ वरून ४५ ला जाण्याचं कारण चांगलं असू शकतं, नवी उत्पादन ओळ सुरू होत असेल. ते कारण निवेदनात दिलेलं असेल तर एक वाक्य तेही घ्यावं, 'कंपनीच्या म्हणण्यानुसार' असं म्हणून. 'मंडळ या ठरावाची शिफारस करते' हे वाक्य मी गाळतो. मंडळ आपल्या प्रत्येक ठरावाची शिफारस करतंच. त्यातून वाचणाऱ्याला नवं काही मिळत नाही आणि भिडस्त माणूस उगाच दबतो.

वेतनाच्या ठरावात खाचा वेगळ्या आहेत. मथळा असतो 'फेरनियुक्ती', आणि घाईत गोषवारा करणारा तेवढंच उतरवतो : 'व्यवस्थापकीय संचालकांची पाच वर्षांसाठी फेरनियुक्ती.' खरं, पण अर्धं. नियुक्तीसाठी एरवी साधारण ठराव चालतो. तो विशेष का झाला, हा प्रश्न विचारला की उत्तर वेतनात सापडतं. कायद्याच्या रीतीनं काढलेला नफा १२ कोटी असेल तर एका व्यवस्थापकीय संचालकासाठी पाच टक्के म्हणजे ६० लाख ही नेहमीची मर्यादा. प्रस्ताव आहे ९६ लाखांपर्यंत, म्हणजे आठ टक्के. मर्यादा ओलांडायची म्हणून विशेष ठराव. शिवाय मजकुरात खोल कुठेतरी 'किमान वेतन' हे दोन शब्द असतात. त्यांचा अर्थ असा की नफा झाला नाही किंवा अपुरा झाला तरी हेच वेतन मिळेल. ही सोय कायद्याच्या पाचव्या अनुसूचीखाली घेतात आणि ती एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी असते. म्हणून पद पाच वर्षांचं आणि वेतनाची मान्यता तीन वर्षांची, असं एकाच ठरावात दिसतं. गोषवाऱ्यात दोन्ही मुदती वेगवेगळ्या लिहायला हव्यात. आजचं वेतन आणि नवं वेतन शेजारी लिहायला हवं. भत्ते वेगळे मोजलेले असतील, कमिशन वेगळं असेल, तर '९६ लाख' हा सगळा आकडा आहे की नुसतं मूळ वेतन, तेही तपासून घ्यावं. मूळ वेतन ठरावात आणि बाकीचं निवेदनात अशी फाटाफूट मी पाहिलेली आहे.

गोषवारा बरोबर झाला की नाही हे ओळखायची माझी एक साधी रीत आहे. प्रत्येक आकड्यापुढे नोटिशीचा पान क्रमांक पेन्सिलीनं लिहायचा. ज्या आकड्याला पान सापडत नाही तो मी मनानं घातलेला, तो काढून टाकायचा. आणि उलट बाजूनं, नोटिशीतले सगळे ठराव मोजायचे, पानावरच्यांशी जुळले पाहिजेत. सातातला एक गाळणं सोपं असतं, विशेषतः एका विषयाखाली दोन ठराव असतील तेव्हा. नोटिशीत मागाहून शुद्धिपत्रक निघालं असेल तर तेही बघावं लागतं, एखाद्या आकड्याची दुरुस्ती त्यात असते आणि ती जुन्या पीडीएफमध्ये येत नाही.

मत कसं द्यायचं यावर तुमची नोटीस पानंच्या पानं खर्च करते, चित्रांसकट. ते चांगलंच आहे, पण त्या गर्दीत ठराव हरवतात. गोषवाऱ्यात मी तीनच गोष्टी घेतो. डीमॅट असेल तर डिपॉझिटरीच्या किंवा आपल्या ब्रोकरच्या संकेतस्थळावरून प्रवेश, कागदी शेअर असतील तर नोटिशीतल्या पान अमुकवरची पद्धत, आणि मतदानाचा क्रमांक. हा क्रमांक एका संस्थेत EVEN म्हणतात, दुसरीत EVSN, तो पानावर छापलेला असला की शोधाशोध वाचते. सभा व्हिडिओवर असल्यानं प्रतिनिधी पाठवायची सोय नाही, हे एका ओळीत. बोलायचं असेल तर नाव नोंदवायची मुदत, तीही ओळीत, कारण ती मतदानाच्याही आधी संपते आणि सभेत हात वर करून बोलता येईल या भरवशावर माणूस बसून राहतो.

आता तुम्ही म्हणाल, मराठी गोषवाऱ्यात चूक राहिली तर जबाबदारी कोणाची? भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे पानाच्या तळाशी एक वाक्य, की कायदेशीर मजकूर इंग्रजी नोटिशीचाच, आणि प्रत्येक ओळीपुढे त्या नोटिशीचा पान क्रमांक. तुमच्याच कचेरीत हे पान करायला कोणी नाही असंही नाही. जी व्यक्ती वर्तमानपत्राची मराठी चौकट तयार करते तिला निवेदनातले हितसंबंधांचे परिच्छेद आणि संबंधित पक्षांची टिपणी दाखवली की काम होतं.

उपयोग झाला की नाही हेही तुम्हाला मोजता येईल. सभा झाल्यावर कामकाजाच्या दोन दिवसांत मतदानाचा निकाल तुम्ही शेअर बाजाराला कळवता. त्यात प्रत्येक ठरावासाठी प्रवर्तक, संस्था आणि संस्था नसलेले सर्वसामान्य भागधारक असे तीन गट असतात आणि प्रत्येक गटाकडे शेअर किती, त्यातली मतं किती पडली, हे टक्क्यांत दिलेलं असतं. सर्वसामान्यांचा तो आकडा गेल्या वर्षीचा काढून ठेवा, पुढच्या वर्षीचा त्याशेजारी ठेवा. आणि व्यवहाराच्या ठरावात प्रवर्तकांच्या ओळीत बाजूच्या रकान्यात शून्य आहे ना, ते आम्हीही बघू.

मागण्या नेमक्या सांगतो. हे पान नोटिशीच्या ईमेलमध्ये वेगळी फाइल म्हणून यावं, नोटिशीच्या चाळिसाव्या पानावर नको. लिंकचं पत्र ज्यांना टपालानं जातं त्यांच्या पाकिटात ते छापून जावं, कारण ईमेल नसलेला माणूसच लिंक उघडत नाही. आणि मराठी वर्तमानपत्रातल्या चौकटीत तारखांच्या खाली ठरावांची निदान एकेक ओळ यावी, 'प्रवर्तक बाजूनं मत देऊ शकतात का' या रकान्यासकट. जाहिरात थोडी मोठी होईल, खर्च थोडा वाढेल. तो खर्च मोठा आहे असं कोणाचं म्हणणं असेल तर त्यानं पुढच्या सभेत तो प्रश्न मांडावा, आम्ही बोलण्यासाठी नाव नोंदवून ठेवू.

कळावे,
आपला,
एक छोटा भागधारक
सिडको, नाशिक